माणशी एक मग

आजोबांनी खिचडी खाल्ली. ठसका लागला नाही, डोळे पांढरे झाले नाहीत, नाकातून नळी घालावी लागली नाही. उलट वाटी पुढे करून त्यांनी दुसऱ्यांदा मागितली.

आता हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा. मीही लिहिलं नाही असं समजतो. गोष्ट सुरू होते तेव्हा आजोबा काही खात नव्हते, खिचडी म्हणजे पिवळं पाणी होतं आणि माझी आत्या नुकतीच वारली होती. यातली शेवटची गोष्ट सोडून बाकी सगळं माझ्यामुळे होतं असं सर्वांचं मत होतं.

आत्या त्या वृद्धाश्रमाची मुख्य स्वयंपाकीण होती. माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न केलं नाही, कारण विचारलं तर म्हणायची, "एका माणसाचा स्वयंपाक मला जमत नाही." आजोबा, म्हणजे तिचे वडील, चालेनासे झाले तेव्हा तिने त्यांना तिथेच वरच्या मजल्यावर खाट मिळवून दिली. आजोबांनी हयातभर एका सरकारी इमारतीत लिफ्ट चालवली होती. त्यामुळे वरच्या मजल्यावर ठेवल्याचा त्यांना अपमान वाटला नाही, आपण तिथे थांबलोय आणि कोणीतरी बटण दाबेल एवढंच वाटलं.

आत्या गेली ती स्वयंपाकघरातच, टोपाशेजारी, स्टुलावर बसल्या बसल्या. खिचडीवर झाकण होतं, आच मंद होती. सगळ्यांना वाटलं डोळा लागला. जेवणं आटोपली, तारीफ झाली, आणि मग कोणीतरी तिला जेवायला उठवायला गेलं.

माझी नेमणूक ताबडतोब झाली. मी तेव्हा बेकार होतो. घरच्यांच्या भाषेत "स्वतःला शोधत होतो". वडील म्हणाले, "स्वयंपाकघरात शोध. तिथे उजेड चांगला आहे."

तिथे माझ्या हाताखाली एक काकू होत्या. खरं तर मी त्यांच्या हाताखाली होतो, पण कागदावर उलटं होतं. त्या भाज्या चिरायच्या, तांदूळ-डाळ धुऊन भिजत घालायच्या, शेवटी तुपाची फोडणी द्यायच्या.

"आणि पाणी?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"पाण्याला ती हात लावू द्यायची नाही. मी फोडणीपुरती."

"इतक्या वर्षांत कधी बघितलं नाहीत?"

"बघितलं की. पण मला काय ठाऊक ती मरणारे? नीट बघितलं असतं."

मग मी घरचं प्रमाण लावलं. आमच्या आईची मऊ खिचडी साध्या पातेल्यात होते: एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, नऊ वाट्या पाणी. तिघांना पुरते. आश्रमात शंभर माणसं, म्हणजे तेहेतीसपट. गणितात मी कधी नापास झालो नव्हतो, आणि त्यानेच घात केला.

कारण पातेलं आणि टोप ही एकाच जातीची भांडी नाहीत. घरी नऊ वाट्यांतलं पाणी खिचडी शिजेपर्यंत केवढंतरी वाफ होऊन ओट्यावरच्या खिडकीला लागतं. नव्वद लिटरच्या टोपाचं तोंड त्याच्या पोटाच्या मानाने लहान. त्यातून जाऊन जाऊन पाणी जाणार किती? मी तेहेतीसपट तांदूळ घेतला, तेहेतीसपट पाणी घेतलं, वाफ मात्र तेहेतीसपट झाली नाही. तासाभराने झाकण उघडलं तर दाणे तळाला, पाणी वर, आणि त्या पाण्यात माझं तोंड दिसत होतं.

"सूप आहे," मी म्हणालो.

"मग वाट्या बदलायला सांगते," काकू म्हणाल्या.

बाकीच्यांनी ते प्यायलं. काही आज्यांनी तर छान म्हटलं, कारण चावायला काही नव्हतं. आजोबांनी एक चमचा घेतला आणि त्यांना असा ठसका लागला की ओठ जांभळे झाले. सिस्टर धावत आल्या, त्यांना पुढे वाकवलं, पाठीवर थोपटलं. रंग परत आला तसा सिस्टरांनी माझा दंड धरला आणि मला बाहेर नेलं.

"तू त्यांचा नातू ना? मग ऐक नीट. त्यांचं गिळणं मंद झालंय. पातळ पदार्थ गिळायच्या आत श्वासनलिकेत उतरतो. पाणी वेगळं आणि दाणे वेगळे असतील तर त्याहून वाईट. घट्ट गोळाही चालत नाही, तो घशात बसतो. ओगराळ्यातून धार लागायला नको आणि धपकन पडायलाही नको. सैल आणि एकजीव."

"आत्या रोज तसं करायची?"

"रोज. म्हणून तर ते टिकले." सिस्टरांनी आवाज खाली आणला. "ती गेल्यापासून ते दोन-चार घासांवर आहेत. वजन उतरतंय. सोमवारी डॉक्टर येतील. तोवर खाल्लं नाही तर नाकातून नळी."

मी आत गेलो. आजोबांना आत्याची बातमी दिली होती, त्यांनी ती मान हलवून ऐकूनही घेतली होती. तरीही त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "काय रे, तिला सांग, पाणी जास्त झालं."

"सांगतो."

"आणि नळीबिळी काही नको. माझ्या नाकातून मी श्वासाशिवाय कोणाला वर सोडलेलं नाही."

खाली येऊन मी काकूंना छळलं. त्यांनी डोळे मिटून, कपाळाला हात लावून, शेवटी आठवलं ते एवढं: आत्या आधी टोपात पाणी घालायची, मग ते उकळेपर्यंत कोठीतून तांदूळ-डाळ तोलून आणायची. पाणी मगाने. तो बघ, खुंटीवर पालथा आहे तो, पोचा आलेला. माणशी एक मग. प्रत्येक मग ओतला की टोपाच्या काठावर टक् करून आपटायची, शेवटचा थेंब पडावा म्हणून.

"आणि धान्य?"

"माणशी पन्नास ग्रॅम तांदूळ, पंचवीस ग्रॅम डाळ. ते मला ठाऊक आहे, कोठीतून तेवढंच मिळतं."

मी तो मग मापून पाहिला. साडेतीनशे मिलिलिटरहून थोडं जास्त. शंभर माणसांचं धान्य साडेसात किलो, पाणी छत्तीस लिटर. मापाला माप लावलं तर धान्याच्या चौपट. घरच्या सहापटीपेक्षा किती कमी! शिवाय शेजारच्या शेगडीवर एक बादलीभर पाणी उकळतं ठेवायचं, कारण खिचडी थांबली की आळते, आणि वाढताना तिला सैल करायला उकळतंच पाणी लागतं. गार ओतलं की ती फाटते आणि पाणी पाण्याच्या वाटेने जातं.

सगळं कळलं होतं. दुसऱ्या दिवशी मी शंभर मग मोजून घातले, काठावर टक् करून. पाणी टोपाच्या कड्याच्या खालच्या खिळ्याच्या चांगलं चार बोटं खाली होतं. गॅस पेटवला आणि काकूंना फोडणीचं विचारायला वळलो.

परत बघितलं तेव्हा पाणी खिळ्यावर होतं.

मी काकूंकडे बघितलं. काकूंनी कोथिंबिरीकडे बघितलं.

"तुम्ही घातलंत?"

"मी फोडणीपुरती."

त्या दिवशी खिचडी पुन्हा पातळ झाली. पहिल्या दिवसाइतकी नाही, पण ओगराळ्यातून धार लागली. आजोबांनी चमचा ओठाशी नेला, थांबले, आणि परत ठेवला. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यावर आतला माणूस जसा शांत राहतो, तसे शांत राहिले.

यानंतर मी जे प्रयोग केले त्यांना विज्ञान म्हणायला हरकत नाही, कारण त्यातला एकही यशस्वी झाला नाही. मी साठच मग घातले. पाणी खिळ्यावर आलं. मी वरचं पाणी मगाने काढून मोरीत ओतलं. मोरीतून वळलो तर पाणी खिळ्यावर. मी टोप बदलला. नव्या टोपाला खिळा नव्हता, म्हणून पट्टीने मोजलं, पाणी तेवढंच चढलं होतं. एकदा झाकण काढून मोठ्या आचेवर जास्तीचं पाणी आटवायला गेलो, तर वरचं पाणी आटायच्या आत तळ लागला. काकू ओरडल्या, "ढवळू नको! तळ खरवडू नको!" तोवर मी सराटा तळापर्यंत घालून चांगला फिरवला होता. करपलेला वास सगळ्या टोपात गेला. शंभर म्हाताऱ्यांनी त्या दिवशी मला माझ्या आत्याच्या नावाने शिव्या दिल्या. म्हणजे "तिचा भाचा असून" अशी सुरुवात करून.

आणि आत्याचा मग नेहमी ओला असायचा. खुंटीवर पालथा, कोरडा करून टांगलेला, तरी सकाळी त्याच्या काठाला एक थेंब. तुम्ही बघत असलात तर काहीच व्हायचं नाही. मी एकदा किती वेळ टोपाकडे टक लावून बसलो. पाणी आपलं पाण्यासारखं होतं. मग मला शिंक आली.

काकूंना मी शेवटी थेट विचारलं, "आत्या अजून कामावर येते का?"

त्या भोपळ्याचं साल काढत होत्या. साल तुटलं नाही. "तिला कोणी येऊ नको असं सांगितलंय का?"

"ती मेलीये, काकू."

"ते तिला ठाऊक असणारच. पण कामावर येऊ नको असं कोणी सांगितलंय का?"

आमच्या घरात आत्याला काही सांगायची पद्धत नव्हती.

रविवारी सकाळी मी ठरवलं की बघायचं नाही, ऐकायचं. शंभर मग घातले, स्टूल ओढलं, टोपाकडे पाठ केली आणि डोळे मिटले. त्याच स्टुलावर. हे मला बसल्यावर लक्षात आलं, पण उठायचं धैर्य होईना. स्वयंपाकघरात सकाळची नेहमीची गडबड होती. बाहेर दूधवाल्याच्या किटल्या, वर कोणाचातरी रेडिओ, काकूंच्या विळीचा आवाज. त्यात मानेमागे गारवा आला, ओल्या पदराचा यावा तसा. खुंटी हलकीशी वाजली.

टक्.

घाई नाही, राग नाही. पाणी पडल्याचा आवाज, मग टक्. पाणी, टक्. मी मोजू लागलो, कारण दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. काकूंची विळी थांबली होती. वीस झाले, पंचवीस झाले. तिसाच्या पुढे मला वाटलं हे थांबणारच नाही. एकोणचाळीसनंतर ती जरा थांबली. मग एक मग पडला तो अगदी हलका, संकोचल्यासारखा, लोकांना वाढून झाल्यावर बाई स्वतःला घेते तसा.

टक्. चाळीस.

मी वळलो. पाणी खिळ्यावर. तो मग खुंटीवर, डोलत.

"काकू," मी म्हणालो, "आत्या इथे आल्यापासून आश्रमातले किती गेले?"

काकूंनी बोटांवर मोजलं नाही. नावांवर मोजलं. लोकरवाल्या बाई, बहिरे कंपाउंडर, त्या दोघी बहिणी, दात विसरणारे वकील, हार्मोनियम... अशा त्या बराच वेळ पुटपुटत होत्या. शेवटी म्हणाल्या, "एकोणचाळीस."

"आणि ती."

"आणि ती," काकू म्हणाल्या, आणि पदराने डोळे न पुसता विळी पुसली.

तर असा प्रकार होता. आत्या जिवंत असताना जिवंतांना घालायची. आता तिची ओळख दोन्हीकडे झाली होती. ती आपली एकशे चाळीस माणसांचं पाणी पुरं करत होती, माणशी एक मग, तिच्या नियमात बसेल असं. चूक तिची नव्हतीच. पाणी नळाला होतं, ते तिला घेता येत होतं. तांदूळ आणि डाळ कोठीत होती, कोठीला कुलूप होतं आणि किल्ली व्यवस्थापकांकडे. भुतं भिंतीतून जातात असं म्हणतात, पण आत्या आयुष्यात कधी परवानगीशिवाय कोठीत गेली नव्हती. पाणी एकशे चाळिसांचं, धान्य शंभरांचं. खिचडी फाटणार नाही तर काय?

पाणी कमी करायचा प्रश्नच नव्हता. धान्य वाढवायचं होतं. दोन किलो तांदूळ, एक किलो डाळ. प्रमाण आपोआप जुळत होतं, दोनास एक, आणि त्यावर चौपट.

मी व्यवस्थापकांकडे गेलो. रविवार होता तरी ते कचेरीत होते, कारण घरी त्यांचं कोणी ऐकत नसे. सज्जन माणूस. टेबलावर तीन पेपरवेट, आणि उडून जाईल असा एकही कागद नाही.

"साहेब, तीन किलो धान्य जास्त हवंय. आजपासून रोज."

"संख्या वाढली?"

"हो. चाळीस."

ते सरळ बसले. "मला न विचारता चाळीस माणसं दाखल केली?"

"दाखल आधीच झालेली आहेत. मग गेलेली आहेत. आता जेवायला येतात."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मी तसाच होतो. "कुठले लोक म्हणताय तुम्ही?"

"आपलेच. जुने. एकोणचाळीस आणि आत्या."

मला वाटलं ओरडतील. ते गंभीरपणे विचार करू लागले, आणि ते जास्त भीतीदायक होतं. "हे बघा, मयताला शिधा देता येत नाही. तशी तरतूद नाही. पुरावा काय?"

"पाणी."

"पाण्याला मंजुरी लागत नाही, त्यामुळे पाणी हा पुरावा होत नाही. बाईंनी किती घातलं तरी माझी हरकत नाही. धान्याचं वेगळं आहे." मग जरा पुढे वाकून म्हणाले, "ते... दात विसरणारे वकील येतात?"

"नावं कळत नाहीत, साहेब. नुसती संख्या."

"माझा बुद्धिबळाचा डाव राहिला होता त्यांच्याशी," ते म्हणाले. मग त्यांनी एक पेपरवेट उचलून दुसरीकडे ठेवला. "नाही. मंजूर करता येणार नाही. सॉरी."

मी घरी पळालो. आई दारातच भेटली.

"दोन किलो तांदूळ आणि किलोभर मुगाची डाळ दे. जुना तांदूळच दे, तिथला जुना आहे. नव्याला पाणी कमी लागतं, दोन्ही मिसळले तर नवा आधी लगदा होईल."

"एवढं कशाला?"

"आत्याकडे पाहुणे आहेत."

आईने माझ्याकडे बघितलं. नणंद-भावजयीचं पंचवीस वर्षं फारसं पटलं नव्हतं. तिने तराजू काढला आणि तांदूळ तोलला. डाळ तोलताना मूठभर जास्त टाकली.

"नको आई, प्रमाण बिघडेल."

"बिघडू दे. तिला डाळ आवडायची."

"आई."

तिने मूठ परत काढली. "मेल्यावरसुद्धा हिचाच नियम," ती म्हणाली आणि पिशवीला गाठ मारताना जरा जास्तच वेळ लावला.

मी परतलो तेव्हा काकूंनी आश्रमाचं धान्य भिजत घातलं होतं. माझं त्यात मिसळलं, थोडा वेळ तेही भिजलं, मग सगळं उपसलं. टोपातलं पाणी खळाखळा उकळत होतं. हळद घातली. मीठ घालताना हात थांबला.

"मीठ किती जणांचं?" मी विचारलं.

"मेलेल्यांना अळणी घालणार आहेस?" काकू म्हणाल्या.

एकशे चाळिसांचं घातलं. मग धान्य सोडलं आणि उकळी परत येईपर्यंत सराट्याने तळाशी ढवळत राहिलो, कारण पहिल्या दहा मिनिटांत दाणे बसतात आणि तिथेच लागतात. उकळी आली, आच कमी केली, झाकण ठेवलं. मधून मधून उघडून तळापासून हलकेच हलवायचं, करपल्याचा वास नाही ना बघायचं. डाळ आधी विरघळली. मग तांदळाची टोकं फुटली. मग दाणा आणि पाणी यांच्यातली सीमा पुसली गेली. मी सराट्याच्या पाठीने थोडं घोटलं. काकूंनी तूप-जिऱ्याची फोडणी दिली. ओगराळं भरून उलटं केलं, तर खिचडी धार न लावता, न धपकता, एका सैल घडीत उतरली. गाढ झोपलेलं मूल कोणी खांद्यावरून उतरवून घ्यावं तशी.

मानेमागे गारवा होता. कोणीतरी आमच्या खांद्यांवरून टोपात डोकावत होतं. मी वळलो नाही. तारीफ करायची तिची पद्धत नव्हती, चूक काढली नाही म्हणजे झालं.

शंभर जणांना वाढायला ट्रॉली निघाली. आजोबांचा मजला शेवटचा. तिथे पोचेपर्यंत भांड्यातली खिचडी आळली होती, चमचा उभा राहील इतकी. स्वतःच्याच गरमीने ती भांड्यात शिजत राहते आणि उरलेलं पाणी पिऊन टाकते. सिस्टर नळाकडे वळल्या.

"गार नको!" मी ओरडलो. काकूंनी ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यातून उकळत्या पाण्याची किटली काढली होतीच. एक एक पळी पाणी, मध्ये ढवळत, थांबून बघत. परत सैल झाली, परत एकजीव. मग निववली.

आजोबांना मी उशी लावून ताठ बसवलं. पहिला चमचा. ते तो तोंडात धरून बसले. सिस्टरांनी श्वास रोखला, मी रोखला, शेजारच्या खाटेवरच्या म्हातारबांनी तर स्वतःचा घास गिळायचा थांबवला. आजोबांच्या गळ्याचं हाड वर गेलं आणि हळूहळू, अगदी बिनझटक्याचं, खाली आलं.

"खाली गेली," आजोबा म्हणाले.

पुढचं तुम्ही वाचलेलं नाही, म्हणून सांगत नाही. एवढंच की वाटी दुसऱ्यांदा भरली, आणि ती संपल्यावर ते दाराकडे बघून म्हणाले, "आज तू स्वतः वर आलीस ते बरं केलंस." दारात कोणी नव्हतं. सिस्टर उगाच थोड्या बाजूला सरकल्या, वाट द्यावी तशा.

खाली आलो. टोपात चाळीस माणसांची खिचडी झाकून ठेवली होती. काकू बाहेर ओट्यावर बसल्या होत्या, आत जायला दोघंही तयार नव्हतो. गेलो तेव्हा झाकण नीट जागेवर होतं आणि टोप रिकामा होता. तळाची खरपुडीसुद्धा कोणीतरी आवडीने खरवडली होती. एकही ताट धुवायचं पडलं नव्हतं.

सोमवारी सकाळी डॉक्टर आले. त्यांनी आजोबांना तपासलं, सिस्टरांचं ऐकलं, नळी पेटीतच ठेवली आणि "असंच चालू द्या" म्हणून गेले. मी खाली टोपाकडे पाठ करून बसलो होतो. आईने आजही तीन किलो दिलं होतं. मनातून जवळजवळ आनंदी होतो.

टक्. टक्. चाळीसपर्यंत सवयीने मोजलं आणि उठायला लागलो.

टक्.

मी परत बसलो.

"एक्केचाळीस," काकू हळू म्हणाल्या. त्याही मोजत होत्या.

मी धावत वर गेलो. सगळे मजले पाहिले, सगळ्या खाटा. सगळे होते. कोणी घोरत होतं, कोणी भांडत होतं. आजोबा उशीला टेकून बसले होते, गालांवर रंग होता. त्यांनी विचारलं, "जेवायला वेळ आहे का रे अजून?"

"आहे, आजोबा."

"किती?"

मी सांगितलं नाही. मला ठाऊक नव्हतं.

खाली काकू म्हणाल्या, "काल त्यांनी दुसऱ्यांदा मागितली ना? तिने तेच धरलं असेल. बापाला एक मग जास्त."

"असेल," मी म्हणालो.

"तेच असणार."

"तेच."

आम्ही एकमेकांकडे न बघता पाऊणशे ग्रॅम धान्य जास्त घातलं. पाणी पडलंय म्हटल्यावर धान्य घालावंच लागतं. मग मी हात पुसले आणि कचेरीतून एक कोरा कागद मागून आणला.

प्रति,
मा. व्यवस्थापक, आणि
मा. मुख्य स्वयंपाकीण (दिवंगत, परंतु कार्यरत)

विषय: भोजनसंख्या निश्चित करणेबाबत.

महोदय व आत्या,

उपरोक्त विषयी विनंती की, सध्या खिचडीसाठी जिवंत शंभर व इतर चाळीस असे पाणी घेतले जाते. त्यास आमची हरकत नाही. इतर चाळिसांचा तांदूळ व डाळ अर्जदार घरून, दोनास एक या प्रमाणात, विनातक्रार आणत राहील. मात्र आज सकाळी घातलेल्या एक्केचाळिसाव्या मगाबाबत खुलासा व्हावा. तो मग जिवंत व्यक्तीच्या दुसऱ्या वाढपासाठी असल्यास तसे कळवावे. अन्यथा तो परत घ्यावा. यापुढे कोणाचेही पाणी आगाऊ भरू नये, आणि इतरांची संख्या चाळीस इतकीच कायमस्वरूपी गोठवून तीत नवीन नाव समाविष्ट करण्यास सर्व संबंधितांना सक्त मनाई करावी, ही नम्र विनंती.